वाळवीच्या कामाचं कोटेशन: स्क्वेअर फूट नको, होल मोजा

पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण बांधून झालेल्या घराच्या वाळवी ट्रीटमेंटचा दर स्क्वेअर फुटावर सांगतात. इथेच हिशोब चुकतो. कारण या कामात औषध फरशीभर जात नाही, ते भिंतीच्या कडेने जातं. ते कसं, हे आधी समजून घेऊ.

काम नेमकं काय असतं?

वाळवी जमिनीतून येते. फरशी आणि भिंत जिथे मिळते, त्या सांध्याची बारीक फट हा तिचा नेहमीचा रस्ता. म्हणून स्कर्टिंगला लागून, फरशीत सुमारे 12 मिमीचे उभे होल पाडायचे, दर एक फुटावर एक. आतल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी. मग प्रत्येक होलमध्ये पाण्यात मिसळलेलं औषध दाबाने सोडायचं. होल घेईनासा होईपर्यंत किंवा जास्तीत जास्त एक लिटर. शेवटी फरशीच्या रंगाचं व्हाइट सिमेंट भरून होल बंद.

लाकडी चौकटीचं काम वेगळं. तिथे बारीक, तिरपे होल पाडतात आणि तेलात मिसळलेलं औषध सोडतात.

आता हिशोब

450 स्क्वेअर फुटांच्या दोन जागा घ्या. दोन्ही 25 बाय 18.

पहिली जागा म्हणजे एकसंध दुकान. चारही बाजूंची कडा 86 फूट, म्हणजे साधारण 86 होल.

दुसरं घर. हॉल 18 बाय 11, आणि मागे 14 बाय 9 च्या दोन खोल्या. हॉलची कडा 58 फूट, प्रत्येक खोलीची 46. एकूण 150 फूट, म्हणजे 150 होल. (भिंतींची जाडी आणि दरवाजे सोपेपणासाठी धरले नाहीत.)

एरिया तोच, पण ड्रिलिंग आणि औषध जवळपास पावणेदोन पट! इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के एससी हे औषध एक लिटर पाण्याला 2.1 मिली लागतं. दुकानाला जास्तीत जास्त 86 लिटर द्रावण, म्हणजे सुमारे 180 मिली औषध. घराला 150 लिटर, म्हणजे 315 मिली.

दोघांना एकच दर दिला, तर घराच्या कामात अंगावर येतं. मग माणूस काय करतो? होल दोन-दोन फुटांवर पाडतो, किंवा प्रत्येकात पाव लिटर टाकून पुढे जातो. मधली माती कोरडी राहते आणि वाळवी तिथूनच वर येते. म्हणून टेप घेऊन खोलीखोलीची कडा मोजा, आणि कोटेशनमध्ये रनिंग फूट आणि होलची संख्या लिहा.

होल बरोबर पडला, हे कसं कळतं?

आधी पांढरी-करडी भुकटी येते, ती फरशी आणि काँक्रीटची. मग ड्रिल एकदम सैल होतं आणि मुरूम किंवा माती येते. तिथपर्यंत पोचलात तरच काम झालं. होल औषध घेतच नसेल, तर बहुतेक वेळा तो काँक्रीटमध्येच अडकलाय. बिट लांब लावा. एका होलमधलं औषध शेजारच्या होलमधून वर आलं, तर चांगली खूण आहे: खाली ते पसरतंय.

फरशी तडकू नये म्हणून सुरुवातीला हॅमर बंद ठेवून हळू ड्रिल करा. पाण्याची आणि विजेची लाइन कुठून गेलीय, ते मालकाला आधी विचारा. विहीर किंवा जमिनीखालची टाकी लागून असेल, तर त्या बाजूला औषध सोडू नका, पाण्यात उतरू शकतं. आणि वरच्या मजल्यावर खाली मातीच नाही, त्यामुळे तिथे फरशीला होल पाडून पैसे घेणं म्हणजे फसवणूक. तिथे लाकूड आणि डक्ट तपासा.

ग्राहकाला आधीच सांगा

हे औषध वाळवीला पळवून लावत नाही. ती त्यातून जाते, इतरांनाही लावते आणि हळूहळू मरते. त्यामुळे चौथ्या दिवशी "अहो, अजून जिवंत आहे!" असा फोन येणारच. मातीच्या एका नळीचा तुकडा मोडून ठेवा आणि काही आठवड्यांनी बघा. नळी पुन्हा बांधलेली दिसली, तर त्या भागात परत काम करा.

बिलावर एक ओळ नक्की टाका: नंतर फरशी उखडली किंवा नवीन पाइपलाइन टाकली, तर तिथली वॉरंटी संपते. कारण औषध मुरलेली मातीच तिथे हलते.

हे काम परवान्याशिवाय करता येत नाही. कीटकनाशक कायदा 1968 खाली तो घ्या, मग ड्रिल घ्या.

आजचा गृहपाठ: तळमजल्यावरचं एक घर निवडा, खोलीखोलीची कडा मोजा आणि होल, लिटर, मिली असा तक्ता बनवा. मजुरी आणि तुमचा नफा त्याच्यापुढे लिहा. हेच तुमचं पहिलं कोटेशन.