दोन महिन्यांची ओळख, पहिला वाढदिवस

प्रश्न : आम्ही दोन महिन्यांपासून भेटतोय. गुरुवारी तिचा वाढदिवस आहे. मी लिहिलंय, 'तूच माझं आयुष्य आहेस, जन्मोजन्मी अशीच सोबत राहा.' मित्र म्हणतो, जरा जास्तच होतंय. मग लिहू तरी काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राचं ऐका. तुमच्या ओळीला नुसतं 'थँक्यू' म्हणून चालत नाही. तिला वाढदिवसाच्या दिवशीच जन्मोजन्मीचं उत्तर शोधावं लागेल. शिवाय ही ओळ कुणीही कुणालाही पाठवू शकतो, त्यात ती कुठेच नाही.

जे घडलंय तेवढंच लिहा. तुम्ही दोघांनीच पाहिलेला एखादा प्रसंग, तिची आवडलेली एक सवय आणि पुढचं बोलणं फार तर येत्या रविवारपर्यंतचं. उदाहरणार्थ : 'वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! त्या दिवशी पावसात अडकलो, तेव्हा टपरीवाल्या काकांशी तू ज्या गप्पा मारल्यास, त्या आठवून अजून हसू येतं. तुझ्यासोबत वेळ कसा जातो कळत नाही. आजचा दिवस मजेत घालव. रविवारी मिसळ माझ्याकडून!'

यात जिव्हाळा आहे, पण कबुली मागितलेली नाही. प्रेम पहिल्यांदा बोलून दाखवायचं असेल, तर ते समोरासमोर, वेगळ्या दिवशी. आणि हो, हे तिला एकटीलाच पाठवा, स्टेटसवर नको. तिच्या घरी तुमच्याबद्दल अजून सांगितलं नसेल, तर रात्री बाराचा फोनही टाळा. सकाळी आलेला मेसेज शिळा होत नाही.