‘मुळीच दुखत नाही’ हे वाक्य मी का खोडलं

गाझियाबादहून एका ताईंचं पत्र आलं आहे. खालची दाढ दोन वर्षांपासून किडली आहे, अधूनमधून ठणकते, पण दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. घराजवळ एक फलक लागलाय, ‘शंभर टक्के वेदनारहित उपचार’. तिथे जाऊ का, असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही जरूर जा, पण त्या फलकावरच्या शब्दांच्या भरवशावर जाऊ नका. नोएडात नवा दवाखाना सुरू करणाऱ्या माझ्या एका तरुण सहकारी डॉक्टरने नुकतीच दवाखान्याच्या वेबसाइटसाठी एक छोटी व्हिडिओ जाहिरात लिहिली आणि मला तपासायला दिली. तिचं पहिलंच वाक्य होतं, ‘आमच्याकडे रूट कॅनॉल मुळीच दुखत नाही.’ ते मी खोडलं. ते का खोडलं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

निरोगी दाढ असेल तर भुलेच्या सुईने ती सहसा छान बधिर होते. पण रात्री ठणकणाऱ्या, आतली नस सुजलेल्या खालच्या दाढेची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका सुईने भागेलच असं नाही. ओठ जड पडतो, जीभ मुंग्या आल्यासारखी होते, तरी दाढेची नस जागीच असू शकते. म्हणून चांगला डॉक्टर ओठावर विसंबत नाही. तो थंड लावून दाढेलाच विचारतो आणि कळ आली तर दाढेच्या बाजूला आणखी भूल देतो. ‘मुळीच नाही’ ऐकून आलेल्या माणसाला अशी एक कळ लागली, की त्याचा डॉक्टरवरचा विश्वास उडतो आणि तो पुढची कित्येक वर्षं फिरकत नाही. भीती वाढवायची असेल तर याहून सोपा उपाय नाही.

दुसरं कारण आमच्या व्यवसायाच्या नियमांचं. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2014 च्या सुधारित आचारसंहितेनुसार रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे स्वतःकडे ओढणं आणि स्वतःच्या कौशल्याचा डांगोरा पिटणं चुकीचं आहे. नवा दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही काळ बंद राहून पुन्हा उघडला, तर तसं साधं जाहीर निवेदन देता येतं. म्हणजे माहिती देण्याला मनाई नाही, आमिषाला आहे. म्हणून त्या जाहिरातीच्या मसुद्यातल्या आणखी तीन गोष्टी गेल्या: ‘नोएडातला नंबर एक दवाखाना’, ‘या आठवड्यात निम्म्या किमतीत’ आणि एका रुग्णाचे उपचारांआधीचे-नंतरचे फोटो.

मग उरलं काय? पाऊण मिनिटाची ही संहिता. माझ्या सहकारी डॉक्टरने ती हिंदीत केली आहे, इथे मराठीत देते.

दृश्य: एक टेबल, समोरासमोर दोन साध्या खुर्च्या. डॉक्टरचा मास्क खाली आहे, चेहरा दिसतो. ड्रिल, सुई, दिवा काहीच दिसत नाही.

डॉक्टर: “दातांच्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते? तसं आल्याबरोबर सांगा. पहिल्या भेटीत आधी आपण इथे बसून बोलू. मग छोट्या आरशाने दात बघू. एक्स-रे लागलाच तर का लागतो ते सांगून, तुम्हाला विचारून काढू. कोणता उपचार, किती बैठका, किती खर्च, हे तुम्हाला कळेल. त्याच दिवशी उपचार करून घ्यायची सक्ती नाही. मध्येच थांबावंसं वाटलं, तर डावा हात वर करा. आम्ही थांबू. मात्र तोंडाला सूज, ताप असेल तर भीतीपायी दिवस घालवू नका.”

शेवटची पाटी: डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि राज्य परिषदेचं नाव, पत्ता, वेळ, फोन.

यातलं डाव्या हाताचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. बहुतेक डॉक्टर उजव्या हाताने काम करतात आणि तुमच्या उजव्या बाजूला बसतात. उजवा हात झटकन उचलला तर तो त्यांच्या कोपराला किंवा हातातल्या अवजाराला लागायचा. डावा मोकळा असतो. हात वर केल्यावर डॉक्टर खरंच थांबतो, हे एकदा अनुभवलं की पुष्कळांची पकड सैल होते, कारण खुर्चीत भीती वेदनेची जितकी असते तितकीच असहाय वाटण्याची असते. त्यामुळे पहिल्या तपासणीतच, काही दुखत नसताना, हात वर करून बघा. जो डॉक्टर थांबत नाही, त्याच्याकडे दाढ उघडायला जाऊ नका.

सुईचीच भीती असेल तर तेही बोला. हिरडीवर बधिर करणारी जेल लावून एक-दोन मिनिटं थांबलं की सुई टोचणं बरंच कमी जाणवतं, आणि औषध सावकाश सोडलं की दाबही कमी वाटतो. भुलेच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्याने काही जणांची छाती थोडा वेळ धडधडते. मागच्या वेळी असं झालं म्हणून ‘मला भूल सोसत नाही’ असं पुष्कळ लोक धरून बसतात. धडधड काही मिनिटांत आपोआप ओसरली असेल तर ती बहुधा ॲलर्जी नव्हती. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर मात्र ते गंभीर आहे आणि आधीच सांगायला हवं. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचंही तसंच. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पाटीवरचा नोंदणी क्रमांक बघण्यात एनसीआरमध्ये एक गोम आहे. शहर एकच वाटलं तरी दिल्लीला दिल्लीची दंत परिषद, गुरुग्राम-फरीदाबादला हरियाणाची, नोएडा-गाझियाबादला उत्तर प्रदेशची. नुसता आकडा लिहिलेला असेल तर कोणत्या परिषदेचा, असं स्वागतकक्षात सरळ विचारा. खर्चाची धास्ती असेल तर दिल्लीत मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था सरकारी आहे. तिथे वाट बघावी लागते, पण उपचार स्वस्तात होतात.

जबड्याखाली सूज पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दवाखान्याची वेळ घेत बसू नका. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच तासाला जा.

ताई, तुमच्या पत्रात सूज किंवा ताप आल्याचं नाही, म्हणजे दोन-चार दिवसांनंतरची वेळ चालेल. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे दिवसभर धास्ती घेऊन बसावं लागत नाही. पोळी-भाजी खाऊन आणि रोजच्या गोळ्या घेऊन जा. रिकाम्या पोटी घाबरलेल्या माणसाला खुर्चीत भोवळ येऊ शकते. आणि फोनवरच सांगून ठेवा, “मला भीती वाटते, पहिल्या दिवशी फक्त तपासणी करायची आहे.”