‘थ्री सॅम्पल्स’ की ‘फ्री सॅम्पल्स’? कानाचा 20 वेळांचा सराव

परदेशी ग्राहक फोनवर म्हणतो, “सेंड मी थ्री सॅम्पल्स.” तुम्हाला ऐकू येतं “फ्री सॅम्पल्स”. आता सांगा, तीन नगांचं बिल बनवायचं की माल फुकट पाठवायचा?

असं का होतं बघा. आपला ‘थ’ म्हणताना जीभ दातांना चिकटते, हवा अडते आणि मग सुटते. इंग्रजी ‘थ्री’मध्ये हवा अडतच नाही, जीभ आणि दातांमधून सतत बाहेर येत राहते. आपला कान अडणाऱ्या ‘थ’ची वाट बघतो. तो मिळाला नाही, की ‘फ’ ऐकल्यासारखं वाटतं.

सराव असा करा. ऑनलाइन डिक्शनरीत दोन्ही शब्दांचे ऑडिओ उघडा. घरातल्या कुणाला तरी ते उलटसुलट क्रमाने 20 वेळा वाजवायला सांगा. तुम्ही स्क्रीन न बघता ‘तीन’ की ‘फुकट’ ते सांगायचं, आणि बरोबर की चूक ते प्रत्येक वेळी लगेच विचारायचं. 10च्या आसपास बरोबर आले, तर तो नुसता अंदाज आहे. 18 आले, की दुसऱ्या माणसाचा आवाज घ्या. मग ‘थिन–फिन’ आणि ‘डेथ–डेफ’ या जोड्या.

एक मर्यादा मात्र आहे. लंडनकडचे बरेच लोक ‘थ्री’ला ‘फ्री’च म्हणतात, आणि फोनवर हे बारीक आवाज आणखी पुसट होतात. तिथे कानावर विसंबू नका. सरळ विचारा, “वन, टू, थ्री? ऑर नो चार्ज?” आणि आकडा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.