काळे की काले?

लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर नावं लिहिण्याचं पहिलं पैशांचं काम मला शेजारच्या काकूंनी दिलं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पाकिटं 160, दर पाकिटामागे 10 रुपये. दीड वर्ष रोज सकाळी कट निबने बाराखडी गिरवत होते, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. त्या कामात 34 पाकिटं वाया गेली आणि तेवढी नवी मी माझ्या खर्चाने आणली. 15 रुपयांप्रमाणे त्याचे 510 रुपये झाले.

त्यातली 11 पाकिटं नावं चुकल्यामुळे गेली. काकूंच्या मुलीने पाहुण्यांची यादी फोनवर इंग्रजी अक्षरांत पाठवली होती. Kale लिहिलेलं मी ‘काळे’ केलं, ते कुटुंब ‘काले’ होतं. Kane चं मी ‘काने’ केलं, ते निघाले ‘काणे’. Sathe कुठे ‘साठे’ असतात, कुठे ‘साठ्ये’. रोमन अक्षरांत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतला फरक दिसतच नाही, आणि आपल्याकडची कितीतरी आडनावं त्याच फरकावर उभी असतात. स्वतःचं आडनाव चुकलेलं पाकीट हातात पडलं की सुंदर अक्षराकडे कुणाचं लक्ष जात नाही. आता मी यादी देवनागरीतच मागते. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने ती वाचून खाली सही केलेली असावी लागते. ‘श्री. व सौ.’ कुणाला, ‘श्रीमती’ कुणाला, ‘सपरिवार’ कुठे, हेही त्याच कागदावर. यादीत नाही ते मी अंदाजाने लिहीत नाही.

उरलेली 23 पाकिटं शाईने घालवली. माझा सगळा सराव ड्रॉइंगच्या कागदावर झालेला. तो शाई पितो. काकूंची पाकिटं मोतिया चमकेची होती. त्या लेपावर पाण्याची शाई मुरत नाही, वरच बसते. दहा मिनिटांनी अक्षरं वाळलेली दिसली म्हणून मी पाकिटं एकावर एक रचली आणि सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या पाकिटावरचं नाव उलटं उमटलेलं होतं. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी छापलेल्या पाकिटांतलंच एक मागून घ्या. त्यावर तीन नावं लिहा, अर्धा तास थांबा, मग कोरड्या बोटाने घासा. पुसलं तर शाई बदला. चमकदार कागदावर मी पोस्टर कलर दुधाइतका पातळ करून त्यात डिंकाच्या पाण्याचे एकदोन थेंब घालते आणि टाकाने लिहिते. हा रंग फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, वाळून पेन तुंबतं. शिवाय ओल्या बोटाने तो सुटतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि दर शंभरामागे दहा पाकिटं जास्तीची घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. माझ्याकडे एकही नव्हतं.

सरावातही एक खोट राहिली होती. सुटी अक्षरं घोटणं वेगळं, नाव बसवणं वेगळं. ‘कुर्लेकर’ लिहून पाहा, ‘र्ले’वर रफार आणि मात्रा एकाच जागी येऊन भिडतात. शिरोरेषेच्या वर निबच्या रुंदीच्या निदान दुप्पट जागा सोडली तरच दोन्ही सुटी दिसतात. म्हणून आता मी खऱ्या आडनावांचाच सराव करते, जोडाक्षरांची आधी. निब मात्र देवनागरीच्या कापाचीच हवी. आपल्या लिपीत तिरकी जाड रेघ उजवीकडून डावीकडे खाली उतरते, इंग्रजीत ती उलट दिशेला जाते. इंग्रजी कापाच्या निबने लिहिलं की जाड-बारीक भलत्याच ठिकाणी येतं आणि कितीही सराव केला तरी ते खटकत राहतं.

पाकिटांखेरीजच्या कामांत भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या सोप्या, बिघडली तर दुसरी घेता येते. प्रमाणपत्राचं तसं नाही. तिथे जादा प्रत बहुधा नसते, म्हणून नाव आधी त्याच मापात कच्च्या कागदावर लिहून त्याची लांबी ठिपक्यांच्या ओळीशी ताडून पाहते.

दराचा हिशेब मी शेवटी केला, तो आधी करायला हवा होता. एका पाकिटाला आखणीसकट चार मिनिटं, म्हणजे 160 पाकिटांना जवळपास अकरा तास. दुरुस्त्या आणि यादीची फोनाफोनी धरून पंधरा झाले. 1,600 मधून 510 वजा जाता 1,090 उरले, म्हणजे तासाला 73 रुपयेही नाहीत. शाई त्यात धरलेली नाही. तुम्ही पहिला दर सांगण्याआधी गिऱ्हाइकाच्याच पाकिटावर घड्याळ लावून दहा नावं लिहा.