दंड भरला, तरी जुनी करप्रणाली का मिळाली नाही?

प्रश्न : माझे सांगलीत हार्डवेअरचे दुकान आहे. आर्थिक वर्ष 2024-25 चे रिटर्न मुदतीत भरता आले नाही, नोव्हेंबरमध्ये 5,000 रुपये विलंब शुल्कासह भरले. गृहकर्जाचे व्याज, विमा, पीपीएफ सगळे असूनही सीए म्हणतात, आता जुनी करप्रणाली घेता येणार नाही. विलंब शुल्क घेतले, मग वजावटी का नाकारल्या?
— एक दुकानदार, सांगली

उत्तर : तुमचे सीए बरोबर सांगत आहेत. फक्त कारण तुम्हाला वाटते ते नाही. विलंब शुल्क हे रिटर्न उशिरा भरल्याबद्दलचे असते. तुमची वजावट अडली ती दुसऱ्याच एका कागदापाशी.

2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ झाली. तुम्ही काहीच सांगितले नाही, तर कर तिच्याच दराने लागतो. नोकरदाराला जुनी हवी असेल तर तो मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच तशी खूण करतो, आणि दरवर्षी वेगळा विचार करू शकतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र 10-IEA हा वेगळा फॉर्म आयकराच्या पोर्टलवर भरावा लागतो, तोही रिटर्नच्या मूळ मुदतीच्या आत. लेखापरीक्षण नसलेल्यांसाठी या वर्षी ही मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली होती. भरल्यावर मिळणारा पोचक्रमांक रिटर्नमध्ये लिहावा लागतो.

आता गंमत पाहा. हा फॉर्म मुदतीत भरला असता, तर रिटर्न नोव्हेंबरमध्ये गेले तरी तुम्हाला जुनी करप्रणाली मिळाली असती. फॉर्ममध्ये ताळेबंद नाही, नफ्याचा आकडा नाही. नाव, पॅन, धंद्याचा प्रकार आणि निवड, इतकेच. हिशेब पुरे झाले नाहीत म्हणून रिटर्न अडले, आणि रिटर्नबरोबर भरू म्हणून फॉर्मही मागे राहिला, असे दरवर्षी कितीतरी जणांचे होते.

नुकसान नेमके किती? समजा तुमचा नफा 14 लाख आहे. त्यातून राहत्या घराच्या कर्जाचे व्याज 2 लाख, 80 सी खाली दीड लाख, तुमचा आणि ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्य विमा मिळून 75 हजार, एनपीएसचे 50 हजार वजा केले, तर उरतात सव्वानऊ लाख. जुन्या दराने त्यावर उपकरासह कर 1,01,400 रुपये. वजावट न धरता नव्या दराने पूर्ण 14 लाखांवर 1,24,800. फरक 23,400 रुपयांचा. जुन्या हिशेबानेच आगाऊ कर भरला असेल, तर या फरकावर एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज वेगळे. नोव्हेंबरपर्यंत ते 1,872 रुपये होते. चटका बसतो, पण 'वजावटीचे पावणेपाच लाख बुडाले' असे जे लोक म्हणतात, तसे काही झालेले नसते. बुडतो तो करातला फरक.

सुधारित रिटर्न भरून हे सुटत नाही, कारण निवडीची तारीखच उलटून गेली. विलंब माफ करा असा अर्ज कलम 119(2)(ब) खाली करता येतो, पण तिथे खरी अडचण कागदांनिशी दाखवावी लागते. रुग्णालयाची कागदपत्रे चालतील. 'लक्षात राहिले नाही' हे कारण चालेल असे मला वाटत नाही. पुण्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाने 2024 मध्ये एका करदात्याला फॉर्म उशिरा भरूनही दिलासा दिला होता, हे कुणी तुम्हाला सांगेल. ते प्रकरण आधीच्या 10-IE या फॉर्मचे, म्हणजे नवी करप्रणाली *मागणाऱ्याचे* होते. तेवीस हजारांसाठी त्या जोरावर अपिलात जायचे का, हे वकिलाच्या फीचा आकडा ऐकून ठरवा.

त्यापेक्षा पुढच्या वर्षाकडे बघा. 2025-26 साठी नव्या करप्रणालीचे टप्पे बदलले, चार लाखांपर्यंत कर शून्य झाला. तोच 14 लाखांचा नफा धरला तर कर 93,600 रुपये येतो, म्हणजे सगळ्या वजावटी घेऊन जुन्याने येणाऱ्या 1,01,400 पेक्षा कमी! शिवाय धंदेवाल्याने एकदा जुनी निवडून पुन्हा नवीत यायचे ठरवले, तर ते एकदाच जमते, आणि त्यानंतर धंदा चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद होते. तुमचा फॉर्म गेलाच नाही, त्यामुळे ही संधी अजून खर्ची पडलेली नाही. मार्चअखेर अंदाजे नफा हाती आला की दोन्ही आकडे कागदावर मांडा, आणि जुनी स्वस्त पडत असेल तरच 10-IEA भरा, हिशेब पुरे व्हायची वाट न पाहता.