दाखल्यावर सुनंदा, पॉलिसीवर सुमन

चि. राजू,

एजंट म्हणून तुझा पहिलाच मृत्युदावा ‘नाव जुळत नाही’ एवढ्या शेऱ्यावर शाखेतून परत आला आणि त्या घरची मंडळी आता तुझ्याकडे बघतायत, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मामाची सगळी नोकरी दावे विभागात गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून असा कागद कसा दिसतो ते लिहितो. तू सांगितलेली हकीकतच पुढे घेतली आहे. नावं, साल आणि आकडे मात्र समजुतीपुरते बदलले आहेत.

सुमन विठ्ठल जाधव, जन्म 1982. परिचारिकेची नोकरी लागल्यावर 2004 साली तिने पाच लाखांची पॉलिसी घेतली, नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं. तीन वर्षांनी लग्न झालं. सासरच्या रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि सुमन जाधवची सुनंदा दत्तात्रय मोरे झाली. आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे नवं नाव चढलं. पॉलिसीचा कागद तेवढा माहेरच्या ट्रंकेत राहिला. हप्ता खात्यातून परस्पर कापला जात होता, त्यामुळे त्याची आठवण व्हायचंही कारण नव्हतं. पुढे पुण्यातल्या एका रुग्णालयात ती वारली. नातेवाइकांनी दिलेल्या आधारवरून रुग्णालयाने महापालिकेला कळवलं आणि मृत्यूचा दाखला निघाला तो सुनंदा मोरे या नावाचा.

अशा वेळी चावडीवरचा पहिला सल्ला ठरलेला असतो: दाखला दुरुस्त करून आणा. हा सल्ला सुमनच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण तिच्या दाखल्यात काही चुकलेलंच नाही. वारली तेव्हा तिचं नाव सुनंदा मोरेच होतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 प्रमाणे निबंधक दुरुस्ती करतो ती चुकीच्या नोंदीची, दोन खऱ्या नावांपैकी सोयीचं एक बसवण्याची नव्हे. समज, खटपट करून दाखल्यावर सुमन जाधव आणलंच, तर तो दाखला बँकेतल्या, भविष्य निर्वाह निधीतल्या आणि आधारवरच्या सुनंदा मोरेशी जुळेनासा होईल. एक दार उघडायला जाऊन तीन दारं बंद.

दाखलाच चुकलेला असतो ती गोष्ट निराळी. पॉलिसी, आधार, सातबारा सगळीकडे ‘पांडुरंग बापू शिंदे’, पण गाव ज्याला ‘बाळू’ म्हणतं असा माणूस. अपघात झाला, शेजाऱ्याने दवाखान्यात नेलं, केसपेपरवर ‘बाळू शिंदे’ लिहिलं आणि तेच नाव नोंदवहीत गेलं. इथे दुरुस्तीच हवी, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे. पुण्यात वारलेल्या माणसाचा दाखला सांगोल्याच्या निबंधकाला दुरुस्त करता येत नाही. एखाद्या अक्षराची, लिहिण्यातली चूक निबंधक खात्री करून आपल्या अधिकारात सुधारतो. चूक मजकुरातच असेल, तर ती काय होती आणि खरं काय हे सांगणारं, माहितगार अशा दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं. नोंद रुग्णालयाच्या कळवण्यावरून झाली असेल, तर रुग्णालयाचं पत्रही सोबत नेलेलं बरं. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून तारखेनिशी सही होते. म्हणून कुणी ‘कोरा करकरीत नवा दाखला काढून देतो’ म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. गावात पुन्हा नवी नोंद करून घेणारे लोक असतात. मग एका माणसाचे दोन मृत्यू, दोन ठिकाणी, दोन नोंदणी क्रमांकांनी उभे राहतात, आणि साध्या नावाच्या घोळाला फसवणुकीचा वास येतो.

आता पुन्हा सुमनकडे. दावे विभागातला माणूस शेवटी एकच गोष्ट तपासत असतो: जी वारली, तीच विमाधारक होती का? नाव हा त्याचा एक पुरावा, एकमेव नव्हे. त्याच्या समोर पॉलिसीचं डॉकेट असतं आणि त्यात 2004 चा प्रस्ताव अर्ज असतो. त्यावर जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, सही असते. वैद्यकीय तपासणी झाली असेल तर शरीरावरची ओळखखूण, हनुवटीवरचा तीळ वगैरे, तीही डॉक्टरने लिहिलेली असते. नावाखेरीज या सगळ्याशी जुळणारे कागद घरच्यांनी पुढे ठेवले, की काम पुष्कळ हलकं होतं.

त्यातही दोन्ही नावं एकाच कागदावर असतील असा कागद आधी शोधायचा. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तमच. लग्नाची नोंदच झाली नसेल तर तो वारल्यानंतर काढता येणार नाही. राजपत्राचंही तसंच: नाव बदलल्याची जाहिरात ज्याची त्याने हयातीत द्यायची असते. मेलेल्या बाईचं नाव राजपत्रात बदलून देतो म्हणणारा दलाल फक्त पैसे बदलून घेतो. मग उरतं काय? लग्नपत्रिका. वधूचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि वराचं पूर्ण नाव तिच्यावर छापलेलं असतं. एकटी पत्रिका पुरत नाही, पण शाळा सोडल्याच्या दाखल्याशेजारी ठेवली की तिला वजन येतं. परिचारिका सरकारी नोकरीत असेल तर सेवापुस्तकात लग्नानंतरच्या नावबदलाची नोंद असू शकते. बँकेकडून ‘हे खाते आधी अमुक नावाने होते, तमुक तारखेपासून तमुक नावाने आहे आणि यातूनच हप्ता जात होता’ असं पत्र मिळालं, तर त्यासारखा पुरावा नाही. हप्ता भरणारा हात तोच होता, हे त्यातून दिसतं.

आणि पॅन कार्डाकडे बहुतेक लोक नीट बघतच नाहीत. लग्नानंतर नाव बदललं तरी पॅनचा क्रमांक बदलत नाही. त्या क्रमांकातलं पाचवं अक्षर हे क्रमांक मिळाला तेव्हाच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर असतं. सुमनने लग्नाआधी पॅन काढलं असेल, तर सुनंदा मोरेच्या कार्डावरही पाचव्या जागी जाधवचा ‘जे’ बसलेला दिसेल. शिवाय नवऱ्याचं नाव न छापता कार्डावर वडिलांचं छापतात. म्हणजे ‘सुनंदा दत्तात्रय मोरे’ च्या खाली ‘विठ्ठल जाधव’. दावे विभागाच्या टेबलावर हे कार्ड पुष्कळ बोलतं.

मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईच्या नावाचाही रकाना असतो. रुग्णालयात घाईगर्दीत तो कधी रिकामा सुटतो, पण भरलेला असेल तर, इथे नॉमिनी आईच असल्याने, दाखला आणि पॉलिसी तिथेच एकमेकांना भेटतात.

हे कागद जमले की मग प्रतिज्ञापत्र. लोक उलट करतात: आधी नोटरीकडे धावतात आणि बाकी काही जोडत नाहीत. नुसतं प्रतिज्ञापत्र म्हणजे दावा करणाऱ्याचंच म्हणणं, स्टँपवर लिहिलेलं. (महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून त्यासाठी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो, शंभराचा चालत नाही.) मजकूर साधा असावा: ‘सुमन विठ्ठल जाधव ही माझी मुलगी. तिचा विवाह अमुक तारखेस दत्तात्रय मोरे यांच्याशी झाला व विवाहानंतर तिचे नाव सुनंदा दत्तात्रय मोरे असे झाले. अमुक क्रमांकाच्या पॉलिसीतील सुमन विठ्ठल जाधव व अमुक नोंदणी क्रमांकाच्या मृत्यू दाखल्यातील सुनंदा दत्तात्रय मोरे ही एकच व्यक्ती आहे.’ दोन्ही क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची नावं त्यात हवीतच. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ एवढंच लिहिलं, तर कुठल्या पॉलिसीबद्दल बोलणं चाललंय हे त्या कागदावरून कळत नाही.

दावा दाखल करायला मात्र यातल्या कशासाठीही थांबायचं नाही. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी असेल तर 3783 क्रमांकाचा दावा अर्ज, मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीच्या बँक खात्याचा तपशील देऊन पोच घ्यायची. नावातला फरक सोबतच्या पत्रात आपणच आधी सांगायचा. तो कंपनीच्या नजरेला आपसूक आला तर शंका होते, आपण सांगितला तर खुलासा होतो. शाखेने आणखी काही मागितलं तर मागणी लेखी घ्यावी. ‘कोर्टातून वारसाचा दाखला आणा’ असं कुणी तोंडी म्हणालं तर लेखी मागणीचा फार उपयोग होतो. वारसाचा प्रश्न पैसे कुणाला द्यायचे याचा असतो. इथे वैध नॉमिनी आहे, आणि नावाची शंका त्या दाखल्याने सुटतही नाही. आईने घेतलेल्या पैशात नवऱ्याचा आणि मुलांचा वाटा किती, तो त्या घरातला निराळा विषय. त्यात एजंटाने पडू नये.

एक मर्यादा ध्यानात असू दे. पॉलिसी सुरू होऊन किंवा बंद पडलेली पुन्हा चालू होऊन तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर कंपनी कसून चौकशी करते. आजारी माणसाच्या जागी धडधाकट माणूस तपासणीला उभा करणारी माणसं या धंद्याने पाहिली आहेत. अशा दाव्यात नावाबरोबर वयही जुळत नसेल, तर रुग्णालयाचे कागद आणि शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं जाईल, आणि ते रास्तच आहे. सुमनची पॉलिसी वीस वर्षांची. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 मुळे तीन वर्षांनंतर पॉलिसीवरच आक्षेप घेता येत नाही. पण वारलेली व्यक्ती विमाधारकच आहे का, हे विचारायचा हक्क कंपनीकडे वीस वर्षांनीही राहतो. कलम 45 दाखवून कागद द्यायचं टाळू नये.

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी न लागणारा मृत्युदावा पंधरा दिवसांत, चौकशीचा पंचेचाळीस दिवसांत निकाली निघायला हवा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, फी नाही, वकील नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

सुमनच्या आईचं खातं कुठल्या नावाने आहे ते आजच बघून घे. पॉलिसीवर ‘पार्वतीबाई’ आणि पासबुकावर ‘पारूबाई’ निघालं, तर त्याचाही खुलासा याच प्रतिज्ञापत्रात एका परिच्छेदाने होईल आणि म्हातारीची नोटरीकडची दुसरी फेरी वाचेल.

कळावे,
तुझा मामा