शेपटी हलते तेव्हा

"शेपटी हलवतोय बघ, म्हणजे खूश आहे." चवथीच्या दुसऱ्या दिवशी पेडण्यात भावाच्या घरी वहिनी असं म्हणाली आणि मीही मान डोलावली. मिनिटभरातच मोत्याचा दात माझ्या पाच वर्षांच्या भाच्याच्या गालाला लागला. सात वर्षं घरात वाढलेला कुत्रा असं कसं करेल, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येकाने विचारला. उत्तर मोत्या सकाळपासून देत होता, फक्त आमच्यापैकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. तुमच्याही घरी लहान मूल आणि कुत्रा असेल, म्हणून हे सविस्तर सांगते.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. घुमट आरती सुरू होती, बाहेर फटाके वाजत होते. मोत्या सोफ्याखाली जाऊन पडला होता. समोर खाणं नसताना तो सारखा नाक चाटत होता, झोप आलेली नसताना जांभया देत होता. पोरं जवळ आली की मान दुसरीकडे वळवायचा. माणसांच्या भाषेत हे "मला जरा एकटं राहू दे" असं आहे. भाचा रांगत सोफ्याखाली शिरला आणि त्याने मोत्याच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा मोत्याचे डोळे तिरके झाले आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसू लागली. मग धापा टाकणारं तोंड एकदम मिटलं आणि सगळं अंग दगडासारखं ताठलं. फक्त शेपटीचं टोक भराभर हलत होतं आणि वहिनीने पाहिलं ते तेवढंच.

शेपटी हलणं म्हणजे कुत्र्याच्या मनात खळबळ आहे, एवढंच. ती खळबळ आनंदाची की भीतीची, हे बाकीचं अंग सांगतं. खूश कुत्रा कमरेपासून हलतो. शेपटी पाठीच्या रेषेत किंवा किंचित खाली, मोठ्या सैल फटकाऱ्यांनी फिरते, तोंड अर्धवट उघडं असतं, कान ढिले असतात. ताणातल्या कुत्र्याची शेपटी उंच आणि ताठ राहून छोट्या झटक्यांनी हलते, किंवा पायांत दबते. आपल्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत एक अडचण आहे. बऱ्याच जणांची शेपटी मुळातच पाठीवर वळलेली असते, म्हणून परदेशी पुस्तकांतली चित्रं त्यांना नीट लागू पडत नाहीत. निवांत असताना आपल्या कुत्र्याची शेपटी कशी असते, ते आठवडाभर नीट पाहून ठेवा. त्यापेक्षा ती घट्ट वळली किंवा खाली गेली, तर काहीतरी बदललं आहे.

आमची मोठी चूक मात्र त्या दिवसाच्याही आधीची. मोत्या पूर्वी गुरगुरायचा, तेव्हा आम्ही त्याला ओरडायचो, एकदा तर चापटही मारली. त्यामुळे गुरगुरणं बंद झालं, भीती मात्र तशीच राहिली. गुरगुरणं ही दात लागण्याआधीची शेवटची सूचना असते. ती मारून टाकली की कुत्रा थेट दातावर येतो. कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि कुत्र्याला जाऊ द्या. कुत्र्याला शिक्षा नको.

लहान मुलांना हे आपोआप कळत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन मेंट्स यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अनेक लहान मुलांना कुत्र्याने दाखवलेले दात हसू वाटतात. मूल त्या "हसण्या"कडे तोंड घेऊन जातं, म्हणून जखम बहुधा चेहऱ्यालाच होते. माझ्या भाच्यालाही मी एकच गोष्ट शिकवली. कुत्रा आपणहून जवळ आला, तर खांद्यावर किंवा छातीवर तीन सेकंद हात फिरवायचा आणि काढून घ्यायचा. तो पुढे सरकला, हाताला अंग टेकवलं, तर पुन्हा. तोंड वळवलं किंवा तसाच उभा राहिला, तर पुरे. मिठी नाही, खाताना आणि झोपेत स्पर्श नाही. आणि आम्हा मोठ्यांसाठी नियम: दोघं एकत्र असताना कुणीतरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

त्या दिवशी गालावर ओरखडा उठला आणि थोडं रक्त आलं. आम्ही साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली. पाच वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ नळाखाली धरणं कठीण जातं, पण ते टाळू नका. हळद, चुना काही लावू नका आणि तडक दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि मोत्यालाही लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी पुढचे डोस चुकवू दिले नाहीत.

यंदा चवथीला मोत्याची गोणी मागच्या खोलीत, आवाजापासून दूर घातली होती. दार बंद होतं. आरती संपल्यावर भाचा दारापाशी गेला, खाली वाकून फटीतून पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, तो जांभया देतोय. आत नको जाऊया."